ग्रहण-सिद्धांतावरील संक्षिप्त टीप : ग्राह्य काय, त्याज्य काय?

विधिशास्त्राच्या परीक्षांतून ‘पुढील सिद्धांतावर संक्षिप्त टीप लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील विधी या वैकल्पिक विषयात तर काही प्रश्नांची उत्तरे सुमारे दीडशे शब्दांत द्यावयाची असतात. या प्रकाराविषयी विद्यार्थ्यांत आणि पुष्कळदा अध्यापकांतही एक समजूत रूढ झालेली आहे. दीर्घ उत्तर ठाऊक असले म्हणजे टीप आपोआप लिहिता येते, कारण टीप म्हणजे दीर्घ उत्तराचा संकोच, असे मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. दीर्घ उत्तराचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात आखडला, तर हाती येते ती एक धूसर प्रतिमा. तिच्यात सर्व गोष्टींचा उल्लेख असतो, परंतु कोणत्याही गोष्टीचा निर्णय नसतो. टिपेचे खरे काम निवडीचे आहे, आणि निवड म्हणजे काही गोष्टी जाणूनबुजून सोडणे. तेव्हा काय सोडले असता सिद्धांत अबाधित राहतो आणि काय सोडले असता तो दुसराच काही होऊन बसतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सर्वसामान्य उपदेशाने तो सुटत नाही. एखादा सिद्धांत हाती घेऊन त्याच्या टिपेतील एकेक वाक्य पारखावे लागते. या दृष्टीने भारतीय घटना-कायद्यातील ‘ग्रहणाचा सिद्धांत’ फार उपयुक्त आहे. तो आटोपशीर आहे, त्याचे नाव आकर्षक आहे, आणि त्या आकर्षणामुळेच त्यावरील टिपा बहुधा चुकीच्या ठिकाणी शब्द खर्च करतात.

प्रथम सिद्धांताचे स्वरूप पाहू. भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. त्यापूर्वीचे असंख्य कायदे चालू राहिले, परंतु अनुच्छेद १३(१) ने अशी मर्यादा घातली की, मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेथवर, त्या विसंगतीपुरते, ते शून्य होतील. घटनेनंतर करावयाच्या कायद्यांसाठी अनुच्छेद १३(२) ची योजना निराळी आहे. हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करूच नये, आणि केल्यास तो उल्लंघनापुरता शून्य असेल, असे तेथे म्हटले आहे. या दोन पोटकलमांतील फरकावर सारा सिद्धांत उभा आहे.

सिद्धांताला ज्या खटल्यात नाव मिळाले तो मोटार-वाहतुकीचा होता. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४७ च्या दुरुस्ती अधिनियमाने १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात बदल केला आणि प्रवासी वाहतुकीचा धंदा सरकारला पूर्णपणे आपल्या हाती घेता यावा, अशी तरतूद केली. तो कायदा झाला तेव्हा मूलभूत हक्क अस्तित्वात नव्हते. घटना आल्यावर मात्र नागरिकांना कोणताही व्यवसाय करण्याचे अनुच्छेद १९(१)(छ) मधील स्वातंत्र्य मिळाले आणि सरकारी मक्तेदारीची ही तरतूद त्याच्याशी विसंगत ठरली. पुढे १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(६) बदलला आणि सरकारी मक्तेदारीस मोकळीक मिळाली. १९५५ मध्ये सरकार त्या तरतुदीच्या आधारे मार्ग ताब्यात घेऊ लागले, तेव्हा खासगी मोटारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० मध्ये शून्य झालेला कायदा मेला तो मेलाच, आणि दुरुस्तीने मेलेला कायदा उठून बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भिकाजी नारायण धाकरस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात हे म्हणणे फेटाळले गेले. न्यायालयाच्या मते तो कायदा मेलाच नव्हता. नागरिकांच्या हक्काची छाया त्यावर पडली होती, ती दुरुस्तीने दूर झाली, आणि त्या दिवसापासून तो पुन्हा लागू झाला.

या विषयावर लिहावयास बसलेल्या जाणकार विद्यार्थ्याचा पहिला मसुदा साधारणतः दीडशेच्या दुप्पट होतो. त्यात प्रथम सूर्य, चंद्र व छाया यांचे स्पष्टीकरण येते. नंतर अनुच्छेद १३ चा अनुवाद, मग धाकरस खटल्याची हकीकत आणि त्यानंतर आठदहा निर्णयांची नावे येतात. पुढे पृथक्करणीयतेच्या सिद्धांताशी तुलना केलेली असते, आणि शेवटी ‘अशा प्रकारे हा सिद्धांत अत्यंत महत्त्वाचा आहे’ असे एक वाक्य असते. शब्दमर्यादा ओलांडल्याचे ध्यानी येताच कात्री चालते. ती नेमकी कोठे चालते हे पाहिले म्हणजे दोष समजतो. हकीकत रंजक असते म्हणून ती राहते. निर्णयांची नावे पाठ केलेली असतात म्हणून तीही राहतात. जाते ते बहुधा एक शुष्क दिसणारे अर्धे वाक्य : नागरिकांपुरता शून्य झालेला हा कायदा इतरांविरुद्ध आणि पूर्वीच्या कृत्यांबाबत अंमलात होता. वस्तुतः सिद्धांताचे प्राणतत्त्व याच अर्ध्या वाक्यात आहे. कायदा मेला नाही असे न्यायालय का म्हणू शकले? तो कोठे तरी जिवंत होता म्हणूनच. हे कारण काढून टाकले की उरते ते एक उपमान, आणि उपमानाने कायदा सिद्ध होत नाही.

मग कोणते वाक्य ठेवावे हे ठरवावे कसे? महत्त्वाच्या गोष्टी ठेवाव्या, असे म्हणून भागत नाही, कारण लेखकाला प्रत्येकच गोष्ट महत्त्वाची वाटत असते. याहून काटेकोर कसोटी अशी घेता येईल : एखादे वाक्य वगळले असता, केवळ त्या टिपेवर विसंबून प्रश्न सोडविणारा वाचक चुकीचा निकाल देईल काय? देईल, तर ते वाक्य सोडता येत नाही. देणार नसेल, तर ते सोडण्याजोगे आहे, मग ते कितीही विद्वत्तापूर्ण असो.

या कसोटीसाठी एक कल्पित कायदा घेऊ. परवान्याशिवाय खासगी मोटार चालविणाऱ्यास शिक्षा सांगणारा एक कायदा १९४७ मध्ये झाला. तो अनुच्छेद १९(१)(छ) शी विसंगत आहे, आणि १८ जून १९५१ च्या दुरुस्तीने ती विसंगती पूर्णपणे दूर झाली, असे समजू. आता सहा प्रश्न विचारता येतील. एका नागरिकाने डिसेंबर १९४९ मध्ये कायदा मोडला. त्यावर १९५० मध्ये खटला चालेल काय? दुसऱ्याने डिसेंबर १९५० मध्ये मोडला. त्यावर चालेल काय? तिसऱ्याने डिसेंबर १९५१ मध्ये मोडला, त्याचे काय? चौथा मनुष्य परकीय असून त्याने डिसेंबर १९५० मध्ये कायदा मोडला, त्याचे काय? हाच कायदा १९४७ ऐवजी नोव्हेंबर १९५० मध्ये केलेला असता आणि नागरिकाने तो डिसेंबर १९५१ मध्ये मोडला असता, तर काय? आणि शेवटचा प्रश्न : नोव्हेंबर १९५० मधील तोच कायदा नागरिक नसलेल्या कंपनीविरुद्ध वापरता येईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर केशवन माधव मेनन विरुद्ध मुंबई राज्य या १९५१ च्या निर्णयावरून होकारार्थी येते. तेथे १९४९ मधील एका पत्रकाच्या प्रकाशनाबद्दल १९३१ च्या मुद्रण-विषयक कायद्याखाली चालू असलेला खटला घटनेमुळे थांबत नाही, असे ठरले, कारण अनुच्छेद १३(१) पूर्वलक्षी नाही. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आहे. त्या काळात कायदा नागरिकांविरुद्ध निष्प्रभ होता आणि घटनादुरुस्तीने तो मधला काळ भरून निघत नाही. तिसऱ्याचे उत्तर होय, आणि हीच धाकरस निर्णयाची देणगी. चौथ्याचेही होय, कारण अनुच्छेद १९ चे हक्क केवळ नागरिकांना आहेत. पाचव्याचे उत्तर नाही. सहाव्याचे उत्तर होय असे १९७४ नंतर निश्चितपणे म्हणता येते. सूर्यचंद्रांचे स्पष्टीकरण कितीही सुंदर केले तरी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. किंबहुना ते उपमान चौथ्या प्रश्नात दिशाभूल करते. आकाशातील ग्रहणाचा अंधार त्या छायेत उभ्या असलेल्या सर्वांवर सारखाच पडतो. येथे मात्र एकाच क्षणी, एकाच ठिकाणी, नागरिकाला कायदा दिसत नाही आणि परकीयाला दिसतो.

आता जे सोडावयाचे त्यातील कठीण भाग घेऊ. सोपा भाग म्हणजे शेवटचे महत्त्वसूचक वाक्य, आणि त्याबद्दल वाद संभवत नाही. धाकरस खटल्याची हकीकतही बरीचशी सोडता येते. सरकारने काढलेली अधिसूचना, परवान्यांचे तपशील, मोटारमालकांची संख्या यांचा सिद्धांताशी संबंध नाही. त्या निर्णयात अनुच्छेद ३१ चाही एक वाद होता, आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमुळे तोही निकालात निघाला. निर्णयाचे वाचन करणाऱ्याला हा भाग सोडणे अप्रामाणिकपणाचे वाटण्याचा संभव आहे, परंतु तसे ते नाही. तेथे न्यायालयाने तीच विचारसरणी दुसऱ्या हक्कास लावली आहे, नवे तत्त्व सांगितलेले नाही. टीप सिद्धांतावर आहे, निर्णयावर नाही. हकीकतीतून दोनच गोष्टी राहिल्या पाहिजेत : कायदा घटनेपूर्वीचा होता, आणि विसंगती १९५१ च्या दुरुस्तीने गेली.

पृथक्करणीयतेच्या सिद्धांताशी तुलना सोडणे विद्यार्थ्याला अधिक जड जाते. मुंबईच्या दारूबंदी कायद्यावरील एफ. एन. बलसारा खटल्याचा १९५१ मधील निर्णय त्याला ठाऊक असतो आणि दोन्ही सिद्धांत ‘विसंगतीपुरते’ या एकाच शब्दातून निघतात हेही त्याने वाचलेले असते. ही तुलना मनोज्ञ आहे. पृथक्करणीयता कायद्याच्या मजकुराचे भाग पाडते, तर ग्रहण त्याच मजकुराच्या अंमलाचे व्यक्ती व काळ यांनुसार भाग पाडते. एवढे एकच वाक्य लिहिणारा विद्यार्थी बुद्धिमान आहे यात शंका नाही. तथापि वरील सहा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर या वाक्यावाचून अडत नाही. प्रश्न तुलनेचा असेल तर ते वाक्य पहिले असावे. प्रश्न एकाच सिद्धांताचा असेल तर ते नसावे.

बेहराम खुर्शेद पेसिकाका यांच्या खटल्याबाबतही हेच म्हणता येईल. दारूबंदी कायद्याचा काही भाग बलसारा निर्णयाने शून्य ठरल्यावर, आरोपीविरुद्धच्या खटल्यात त्या घोषणेचा परिणाम काय आणि पुराव्याचा भार कोणावर, हा तेथील प्रश्न होता. ‘शून्य’ या शब्दाच्या अर्थाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो निर्णय टाळता येणार नाही. परंतु नंतरच्या घटनादुरुस्तीने विसंगती जाण्याचा प्रश्न तेथे नव्हता, म्हणून दीडशे शब्दांच्या टिपेत त्यास जागा नाही.

सर्वांत मोहक त्याग आहे तो सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५४ च्या निर्णयाचा. तोही प्रवासी वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचा खटला, तेथेही व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भंग, आणि नंतर आलेली दुरुस्तीही तीच. फरक एवढाच की, उत्तर प्रदेशचा रस्ता-वाहतूक कायदा १९५१ च्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर पण पहिल्या दुरुस्तीपूर्वी झालेला होता. असा कायदा नंतरच्या दुरुस्तीने सजीव होत नाही, असे मत तेथे व्यक्त झाले. धाकरस निर्णयाशेजारी हा ठेवला म्हणजे सिद्धांताची सीमा चित्रासारखी स्पष्ट होते. अध्यापनासाठी यासारखी जोडी नाही. टिपेत मात्र हीच सीमा दीपचंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या निर्णयाने सकारण सांगितलेली आहे. उदाहरण आणि कारण यांत एकच ठेवण्याइतकी जागा असेल, तर कारण ठेवावे. कारणावरून वाचक नवे उदाहरण सोडवू शकतो. उदाहरणावरून कारण काढणे त्याला जमेलच असे नाही.

काय सोडावे याचे उत्तर काळानुसार बदलते, हेही येथे दिसते. दीपचंद निर्णयात न्या. सुब्बा राव यांनी बहुमताच्या वतीने ग्रहणाचा सिद्धांत घटनोत्तर कायद्यांना लागू नाही असे म्हटले, परंतु सरन्यायाधीश दास व न्या. सिन्हा यांनी त्या प्रश्नावर मत देणे आवश्यक मानले नाही. १९६० मध्ये टीप लिहिणाऱ्याने हा मतभेद नमूद केला नसता, तर अनिश्चित गोष्ट निश्चित म्हणून सांगितल्याचा दोष त्याला लागला असता. १९६३ मध्ये महेंद्रलाल जैनी यांच्या खटल्यात तीच भूमिका घटनापीठाने स्वीकारली, आणि त्यानंतर दीपचंदमधील तपशील टिपेपुरता सोडण्याजोगा झाला. उलट, त्या वेळी जे वाक्य लिहिताच आले नसते ते १९७४ नंतर अपरिहार्य झाले. गुजरात राज्य विरुद्ध श्री अंबिका मिल्स या खटल्यात, मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, १९५३ च्या गुजरातमधील दुरुस्त स्वरूपाविरुद्ध एका कंपनीने आक्षेप घेतला होता. कंपनी नागरिक नाही, त्यामुळे अनुच्छेद १९ तिला मिळत नाही. नागरिकांचा हक्क मोडणारा कायदा नागरिकांविरुद्ध शून्य असला, तरी ज्यांना तो हक्कच नाही त्यांच्याविरुद्ध तो कायदा राहतो, असे न्या. मॅथ्यू यांनी ठरविले.

अंबिका मिल्सचा निर्णय टीपकाराला अडचणीत टाकतो. त्याच्याशिवाय टिपेची आकृती फार रेखीव होते : घटनापूर्व कायदा झाकला जातो, घटनोत्तर कायदा जन्मतःच मृत. दोन पोटकलमे, दोन परिणाम, आणि मध्ये एक सरळ रेषा. अंबिका मिल्स ही रेषा थोडी पुसतो. घटनोत्तर कायदाही काहींच्या दृष्टीने मृत आणि काहींच्या दृष्टीने जिवंत असू शकतो, असे मानले की ‘जन्मतःच मृत’ या शब्दप्रयोगाची धार बोथट होते. पुष्कळशा टिपा या निर्णयाचा उल्लेख टाळतात, आणि त्या अधिक आटोपशीर वाटतात त्याचे कारण हेच आहे. परंतु येथे आटोपशीरपणा सत्याच्या खर्चाने साधलेला असतो. ते वाक्य गेले की वाचक सहाव्या प्रश्नाचे उत्तर चुकतो. संक्षेप आणि सुबकपणा या दोन भिन्न गोष्टी असून पहिल्याची मागणी आली असता दुसरीच पुरविली जाण्याचा धोका या प्रकारात सदैव असतो.

शब्दसंख्येच्या दडपणाखाली शब्दांची निवडही ढिली पडते, आणि या सिद्धांतात ती ढिलाई महाग पडते. ‘शून्य’ऐवजी ‘रद्द’ लिहिणे ही नेहमीची चूक आहे. कायदा रद्द करणे हे विधिमंडळाचे काम, आणि रद्द झालेला कायदा लागू करावयाचा तर तो पुन्हा करावा लागतो. शून्य झालेला घटनापूर्व कायदा पुन्हा करावा लागत नाही, हाच तर सिद्धांत आहे. तसेच ‘दुरुस्तीने कायदा पुनरुज्जीवित होतो’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक टिपेत आढळते. जे पुनरुज्जीवित होते ते आधी मृत असावे लागते, आणि धाकरस निर्णय नेमके तेच नाकारतो. एक शब्द वाचविण्यासाठी लिहिलेले हे क्रियापद आधीच्या साऱ्या प्रतिपादनाला छेद देते.

या सर्व निवडीनंतर उरणारी टीप पुढीलप्रमाणे होईल :

‘घटनापूर्व कायदा मूलभूत हक्काशी विसंगत ठरला, तर अनुच्छेद १३(१) अन्वये तो २६ जानेवारी १९५० पासून विसंगतीपुरता शून्य होतो; परंतु तो रद्द होत नाही. त्या दिवसापूर्वीची कृत्ये व दायित्वे यांना तो लागू राहतो (केशवन माधव मेनन, १९५१), आणि तो हक्क केवळ नागरिकांचा असल्यास परकीयांविरुद्धही अंमलात राहतो. नागरिकांपुरता मात्र तो हक्काच्या छायेत झाकला जातो. पुढे घटनादुरुस्तीने विसंगती दूर झाली, तर कायदा पुन्हा न करताही त्या दिवसापासून तो नागरिकांनाही लागू होतो; मधल्या काळातील कृत्यांना मात्र नाही. भिकाजी नारायण धाकरस (१९५५) या निर्णयात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याबाबत हे तत्त्व मांडले गेले; १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तेथील विसंगती दूर झाली होती. घटनोत्तर कायद्यास हे तत्त्व लागू नाही : अनुच्छेद १३(२) असा कायदा करण्याचा अधिकारच काढून घेतो, म्हणून तो जन्मतःच शून्य असतो व दुरुस्तीने सजीव होत नाही (दीपचंद, १९५९, महेंद्रलाल जैनी, १९६३). तथापि केवळ नागरिकांच्या हक्काशी विसंगत असा घटनोत्तर कायदाही इतरांविरुद्ध अंमलात राहतो (अंबिका मिल्स, १९७४).’

ही टीप १४५ शब्दांची आहे. तिच्यातील वाक्ये कसोटीस लावून पाहता येतात. दुसऱ्या वाक्याचा पूर्वार्ध काढला की पहिला प्रश्न चुकतो, उत्तरार्ध काढला की चौथा. चौथ्या वाक्यातील ‘मधल्या काळातील कृत्यांना मात्र नाही’ हे पाच शब्द काढले, तर डिसेंबर १९५० मधील नागरिक शिक्षेस पात्र ठरतो. पाच शब्दांच्या काटकसरीने एका निरपराध माणसाला तुरुंगाची वाट दाखविली जाते, हे उदाहरण कल्पित असले तरी त्यामागील कार्यकारणभाव कल्पित नाही.

या कसोटीलाही मर्यादा आहेत, आणि त्या दोन ठिकाणी दिसतात. पहिले ठिकाण सहावे वाक्य. ‘अधिकारच काढून घेतो’ हे कारण गाळले, तरी घटनोत्तर कायद्यास तत्त्व लागू नाही हे विधान शिल्लक राहते आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच येते. तरीही ते कारण ठेवावे लागते. केवळ निकाल देणारी टीप म्हणजे कोष्टक होय. सिद्धांत म्हणजे निकाल अधिक त्याचे कारण. दुसरे ठिकाण पाचवे वाक्य. धाकरस निर्णयाची २९ शब्दांची माहिती काढली असता सहापैकी एकही उत्तर बिघडत नाही. ती राहिली आहे ती आधार म्हणून. विधिविषयक विधान कोठून आले हे सांगितले नाही, तर वाचकाला ते पडताळता येत नाही. मात्र आधार आणि वर्णन यांत अंतर आहे, आणि ते अंतर मर्यादा अधिक कडक होताच उघडे पडते. मर्यादा १२० शब्दांची झाली, तर सर्वप्रथम पाचवे वाक्य जावे, आणि चौथ्या वाक्याअखेर केवळ ‘(भिकाजी नारायण धाकरस, १९५५)’ हे चार शब्द राहावेत. टीप तेवढ्यानेच बरोबर १२० वर येते. आणखी सात शब्द कमी करावयाचे असतील, तर तिसरे वाक्य, म्हणजे छायेचा उल्लेख, सोडावे.

या शेवटच्या त्यागाने टिपेतील ग्रहणाचे चित्रच नाहीसे होते. ग्रहणाच्या सिद्धांतावरील टिपेत छायेचा शब्दही नसावा, हे प्रथम विपरीत वाटेल. परंतु उरलेल्या ११३ शब्दांवरून सहाही प्रश्न सोडवून पाहावेत. सहांचीही उत्तरे बरोबर येतात. उलट, छाया ठेवून दुसरे वाक्य सोडले, तर उत्तरे चुकतात आणि चूक लक्षातही येत नाही, कारण उपमानाने सर्व काही समजल्याचा भास होतो. टिपांचे परीक्षण करणाऱ्या अध्यापकानेही म्हणून शब्द मोजण्यापूर्वी किंवा निर्णयांची नावे मोजण्यापूर्वी टिपेला असे दोनचार प्रश्न विचारून पाहावेत. विद्यार्थ्याने काय लिहिले हे त्यावरून कळेलच, आणि त्याने काय सोडले व ते समजून सोडले की नाही, हेही कळेल.